ऑफिसच्या ग्रुपवर दिवाळीचा एकच संदेश, माणसं वेगवेगळ्या धर्मांची: मजकूर कसा बसवावा?

पैनगंगाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. नांदेडात ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या एका कार्यालयात मी प्रशासनाचं काम बघते. आम्ही सगळे मिळून २३ जण आहोत. दरवर्षी दिवाळीला साहेबांच्या नावानं ग्रुपवर एक संदेश जातो आणि तोच मजकूर छापून फराळाच्या डब्यावर चिकटवतो. यंदा मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आहे. आमच्यात हिंदू आहेत, लिंगायत आहेत, सात मुस्लिम, पाच बौद्ध, दोघं शीख, हिशोब बघणारे एक जैन काका आणि गोदामावरचा एक ख्रिस्ती मुलगा आहे.

जुना मजकूर असा आहे:

> दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! माता लक्ष्मीची कृपा आपल्या घरावर सदैव राहो. श्रीगणेश आपली सर्व विघ्ने दूर करोत. फटाक्यांच्या आतषबाजीत आपले जीवन उजळून निघो. धर्म अनेक असले तरी देव एकच आहे, हीच दिवाळीची शिकवण.

कुणी तक्रार केलेली नाही. पण डबे वाटताना काही जण चिठ्ठी वाचतात आणि नुसतं हसून बाजूला ठेवतात, हे मला दिसतं. एकच मजकूर सगळ्यांना चालेल असा करावा, की ज्याच्या-त्याच्या धर्माप्रमाणे एक ओळ बदलून वेगळ्या चिठ्ठ्या छापाव्यात? तुमच्याकडं कसं करतात ते सांगा.

जुना_हेडक्लार्क (परभणी)

पैनगंगाताई, मी ३० वर्षं सरकारी कार्यालयांत असे मजकूर लिहिले आणि दुसऱ्यांचे दुरुस्तही केले. तुमचा मजकूर ओळीओळीनं बघू.

पहिली ओळ जशी आहे तशी ठेवा. दिवाळी हे नाव घ्यायला कुणाचीच अडचण नसते. सुट्टी त्याच नावानं लागते, पगाराची उचलही त्याच नावानं मिळते. नाव टाळून 'सणासुदीच्या शुभेच्छा' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, माझ्यासाठी मुद्दाम नाव गाळलंय. त्यानं तो उलट संकोचतो.

खरी गोष्ट दुसऱ्या ओळीत आहे. 'माता लक्ष्मीची कृपा आपल्या घरावर राहो' असं लिहिता तेव्हा तुम्ही सहकाऱ्याचं घर त्याला न विचारता लक्ष्मीपुढं नेऊन ठेवता. जो लक्ष्मी मानतो त्याला ते गोड लागतं. जो मानत नाही त्यानं काय म्हणायचं? नको म्हणावं तर उद्धटपणा होतो, आणि हो म्हणावं तर त्याच्या श्रद्धेला ते धरून नसतं. म्हणून तो हसून चिठ्ठी बाजूला ठेवतो.

मी एकच बघतो: वाक्यात पूजा कुणाच्या घरी चालली आहे? ती पाठवणाऱ्याच्या घरी असू द्या. 'आमच्या घरी लक्ष्मीपूजन आहे, पाडव्याला फराळाला या' या वाक्यात लक्ष्मी आहेच, पण ती तुमच्या देव्हाऱ्यात आहे. समोरच्याकडं फक्त आमंत्रण जातं आणि ते कुणीही घेऊ शकतो. वाचणाऱ्यासाठी जे मागायचं ते देवाचं नाव न घालता मागा: तब्येत, लेकरांचं शिक्षण, घरच्यांसोबत चार दिवस. गणेशाच्या ओळीलाही हेच लागू.

फटाक्यांची ओळ काढून टाका, त्याबद्दल जैन मंडळी बोलतीलच. शेवटच्या ओळीवर मात्र मी थोडा वेळानं सविस्तर लिहितो, तीच सगळ्यात जास्त बोचते.

तुळजाई (धाराशिव)

मला हे पटत नाही. सण आमचा, संदेश आमच्या साहेबांचा, मग लक्ष्मीचं नाव का गाळायचं? ईदेला मुस्लिम मित्र मला 'अल्लाह आपको खुश रखे' म्हणतो, मी आनंदानं घेते. त्यानं त्याच्या देवाकडं माझ्यासाठी मागितलं, यात वाईट काय?

जुना_हेडक्लार्क (परभणी)

तुळजाईताई, गाळायचं कुठं म्हटलं? नाव ठेवलंय, फक्त जागा बदलली आहे. तुमच्या मित्राचं उदाहरण दोन माणसांतलं आहे. तो तुम्हाला ओळखतो, तुम्ही त्याला ओळखता, आणि त्याचा शब्द तुम्ही मोकळ्या मनानं घेता. कार्यालयाचा मजकूर साहेबांच्या नावानं येतो. पगार देणाऱ्याच्या शुभेच्छेला 'हे माझ्या घरात चालत नाही' असं कुणी म्हणत नाही. म्हणून तिथं लिहिणाऱ्यानंच आधी विचार करायचा. तुम्ही स्वतः एखाद्याला वैयक्तिक लिहीत असाल तर हवं ते लिहा.

औसेकर_पटेल (लातूर)

मी मुस्लिम आहे, आडनाव पटेल, मूळ गाव औसा तालुक्यात. आमच्याकडं मुस्लिमांत पटेल, देशमुख, इनामदार ही आडनावं सर्रास आहेत. आता वेगळ्या चिठ्ठ्या छापल्या तर काय होतं ते ऐका.

आधीच्या नोकरीत आमच्या साहेबांनी अगदी चांगल्या मनानं प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवला. आडनाव बघून त्यांनी मला हिंदू धरलं आणि लक्ष्मीमातेचा संदेश पाठवला. शेजारच्या टेबलावर सय्यद होते, त्यांना आला 'अल्लाहच्या कृपेनं आपली दिवाळी आनंदाची जावो'. दुपारी चहाला आम्ही दोघांनी मोबाईल शेजारी शेजारी ठेवले. सय्यदभाईंना त्यांचा संदेश माझ्यापेक्षा जास्त अवघड गेला. ते म्हणाले, लक्ष्मीचा आला असता तर समजलो असतो की सगळ्यांना गेलाय. इथं अल्लाहचं नाव अशा सणाला जोडलं जो मी करत नाही, आणि तेही खास माझ्यासाठी. साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, त्यामुळं कुणी काही बोललं नाही.

एका छताखाली काम करणारी माणसं चिठ्ठ्या एकमेकांना दाखवतातच. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर जो फरक समजावून सांगावा लागेल, तो फरक छापू नये असं मला वाटतं.

एक्सेलवाला (जालना)

मग माहिती पक्की करून घ्यायची. कर्मचाऱ्यांच्या यादीत धर्माचा एक कॉलम घालायचा. नोकरी लागताना जातीचा प्रवर्ग घेतोच ना आपण? त्यावरून कळतं. मग मेल मर्ज करून ज्याची-त्याची चिठ्ठी छापायची, अर्ध्या तासाचं काम आहे. आडनावावरून चूक होणार नाही.

जुना_हेडक्लार्क (परभणी)

प्रवर्गावरून धर्म कळत नाही. अनुसूचित जातीच्या यादीत हिंदू आहेत, १९५६ पासून शीख आहेत, १९९० पासून बौद्धही आहेत. ओबीसीत बागवान, अत्तार, पिंजारी हे मुस्लिमही येतात. ख्रिस्ती माणसाचं आडनाव गायकवाड किंवा साळवे असू शकतं. नांदेडच्या एखाद्या सरदारजींचं नाव तेवढं तुम्ही बरोबर ओळखाल.

आणि ओळखता आलं तरी शुभेच्छेसाठी धर्माचा कॉलम ठेवू नका. ती फाईल उद्या कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. बढती, बदली, रजा यांचे कागद त्याच कपाटात असतात. प्रवर्गाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची.

निळी_पहाट (परभणी)

मी बौद्ध आहे, शाळेत शिकवते. आमच्या बाजूचं सांगते, पण आमच्यात सगळ्यांचं एकसारखं नाही हे आधीच लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्या तिन्हींत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही असं आहे. माझ्या आजोबांनी त्या घेतल्या आणि आमच्या घरात त्या पाळल्या जातात. त्यामुळं 'श्रीगणेश आपली विघ्ने दूर करोत' हे वाक्य माझ्या नावानं आलं की मला थांबावं लागतं. रागवायचं कारण नसतं. पण ज्या गोष्टीतून आजोबा विचारपूर्वक बाहेर पडले, तीच कुणीतरी प्रेमानं परत हातात ठेवावी, असं होतं.

दिवाळीच्या शुभेच्छा मात्र मी घेते आणि देतेही. लेकरांना नवीन कपडे, करंज्या-शंकरपाळे आमच्या घरी होतात. शेजारच्या घरी काहीच होत नाही, ते या दिवसांत वेगळं काही करतच नाहीत. तिसऱ्या घरी याला दीपदानोत्सव म्हणतात. त्यावर आमच्यातच मतभेद आहेत. म्हणून ताई, कुणी सुचवलं तरी 'बौद्ध बांधवांना दीपदानोत्सवाच्या शुभेच्छा' असं साहेबांच्या नावानं लिहू नका. आमच्या घरातला वाद कार्यालयानं एका ओळीत मिटवल्यासारखं होईल.

हलगी (बीड)

मला वाटतं सोपा उपाय आहे. एक सण एकांगी होतो म्हणून प्रश्न येतो. वर्षभर सगळ्यांच्या सणांना ग्रुपवर शुभेच्छा टाका. ईद, मोहरम, ख्रिसमस, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर, महावीर जयंती, गुरुनानक जयंती. मग दिवाळीला लक्ष्मी आली तरी कुणाला खटकणार नाही, हिशोब बरोबरीचा होईल.

निळी_पहाट (परभणी)

हलगीभाऊ, तुमचा हेतू पोचला. वर्षभर सगळ्यांची आठवण ठेवावी हेही बरोबर. पण ६ डिसेंबरला शुभेच्छा देत नाहीत हो. तो महापरिनिर्वाण दिन आहे, त्या दिवशी अभिवादन करतात. 'महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' हा संदेश आम्हाला दरवर्षी कुठून ना कुठून येतो आणि त्या दिवशी तो वाचवत नाही.

औसेकर_पटेल (लातूर)

मोहरमचंही तसंच. आशुरा हा करबलाच्या शहादतीचा दिवस आहे, हिजरी ६१ मध्ये इमाम हुसेन शहीद झाले. आपल्या मराठवाड्यात गावोगावी सवाऱ्या बसतात, डोले निघतात, हिंदू घरंही नवस फेडतात, लेझीम-ढोल असतो. त्यामुळं सण वाटतो. पण 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' लिहू नका. काही लोक हिजरी नववर्ष म्हणून पहिल्या तारखेला शुभेच्छा देतात, काही तेही देत नाहीत.

बेथेल_जालना (जालना)

गुड फ्रायडेला प्रभू येशूला क्रुसावर दिलं, त्या दिवशी आम्ही उपासनेला जातो. शुभेच्छा दोन दिवसांनी, रविवारी, ईस्टरला द्या.

मी परिचारिका आहे आणि माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, विषयांतर वाटलं तर माफ करा. आमच्या रुग्णालयाच्या ग्रुपवर लक्ष्मीपूजनाचे फोटो येतात आणि मग एकेक जण 'जय लक्ष्मी माता' लिहीत जातं. मी 'सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा' एवढंच लिहिते. एका सहकारी ताईंनी नंतर विचारलं, तू ते का नाही लिहिलंस? कुणी काय उत्तर द्यावं याचीही अपेक्षा धरू नका असं तुमच्या साहेबांना सांगता येईल का?

औसेकर_पटेल (लातूर)

बेथेलताईंचा प्रश्न विषयाला धरूनच आहे. दुसऱ्या धर्माच्या सणाला शुभेच्छा द्याव्यात की नाही, याबद्दल मुस्लिमांतही जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत. मी देतो. माझा चुलतभाऊ देत नाही, पण शेजाऱ्याच्या घरी लग्न असलं की सगळ्यात आधी मंडपात तोच उभा असतो. ग्रुपवर कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्याच्या मनाचा अंदाज बांधू नये. ताई, संदेशाखाली 'सर्वांनी प्रतिसाद द्यावा' असं कधी लिहू नका. रात्री कुणी कुणी उत्तर दिलं याची यादीही बघू नका.

लक्ष्मण_रेषा (हिंगोली)

छान चर्चा. मला माझ्या मेहुणीच्या सासरी पाठवायला चार ओळींची दिवाळीची चारोळी हवी आहे, यमक जुळलेली. इथं कुणी लिहून देईल का?

पैनगंगाकाठ (नांदेड)

लक्ष्मणदादा, चारोळ्यांचा वेगळा धागा आहे, तिथं विचारा, लगेच मिळेल.

बाकी सगळ्यांचं वाचतेय. फटाक्यांच्या ओळीबद्दल आणि आमच्या सरदारजींबद्दल कुणी सांगेल का? 'बंदी छोड दिवस' असा शब्द मी ऐकलाय. तो दोघांच्या चिठ्ठीवर घालावा का?

हजूरी_सेवक (नांदेड)

पैनगंगाजी, मी नांदेडचाच. गुरू हरगोबिंदसाहेब ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटले आणि सोबत ५२ राजांना सोडवून आले, त्याची आठवण म्हणून दिवाळीला बंदी छोड दिवस म्हणतात. आपल्या नांदेडात दिवाळीला लागूनच गुरता गद्दीचा सोहळा असतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंघजींनी इथंच ग्रंथसाहेबांना गुरगद्दी दिली. आमच्या घरात त्या दिवसांत सगळी धावपळ त्याचीच असते.

चिठ्ठीवर मात्र दोघांसाठी वेगळं छापू नका, पटेलभाईंनी सांगितलं तेच कारण. दिवाळी शब्द आम्हाला परका नाही. आपुलकी दाखवायचीच असेल तर गुरता गद्दीच्या दिवशी साहेबांनी त्या दोघांना स्वतः दोन शब्द बोलावेत, किंवा त्या दिवशी रजा मागितली तर कुरकूर करू नये. तेवढ्यानं आम्हाला फार बरं वाटतं.

सैतवाल_काका (धाराशिव)

फटाक्यांबद्दल मी सांगतो. आश्विन अमावास्येच्या पहाटे पावापुरीला भगवान महावीरांचं निर्वाण झालं, म्हणून आमची दिवाळी. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवतात. दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवत बदलतो, २०२५ च्या दिवाळीनंतर २५५२ लागला. फटाक्यांत लहान जीव मरतात, म्हणून आमच्यात मुलांना लहानपणापासून फटाके न उडवण्याचा नियम देतात. माझे नातू तो पाळतात. त्यामुळं 'आतषबाजीत जीवन उजळो' हे वाक्य आम्हाला जड जातं.

हलगीभाऊ मनात म्हणतील, निर्वाण म्हणजे मग शोक का? तसं नाही. तो मोक्ष आहे, आनंदाचा दिवस आहे, शुभेच्छा जरूर द्या. लक्ष्मीबद्दल मी जुना_हेडक्लार्क यांच्याएवढा कडक नाही. आमच्या दुकानात वहीपूजन होतं आणि वहीवर आम्ही श्री काढतो. एका जैनाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालेल असंही धरू नका.

अजून एक, डब्याबद्दल. फराळात कांदा-लसणाचा चिवडा असेल तर डब्यावर लिहा. आणि पाडव्याला घरी बोलावणार असाल तर वेळ चारपासून ठेवा, कारण आमच्यातले बरेच जण सूर्यास्तानंतर खात नाहीत.

बेथेल_जालना (जालना)

डब्याचाच विषय निघाला म्हणून. कार्यालयात लक्ष्मीपूजन झाल्यावर देवीपुढचे पेढे सगळ्यांच्या डब्यात घातले जातात. आमच्यातले बरेच जण दुसऱ्या देवाला दाखवलेला नैवेद्य घेत नाहीत. नाही म्हणताना आम्हालाच अपराध्यासारखं वाटतं.

औसेकर_पटेल (लातूर)

आमचंही तेच. फराळ आवडीनं खातो, प्रसाद घेत नाही. फराळाचे डबे पूजेच्या आधी भरून वेगळे ठेवा आणि प्रसाद पूजेला उभे राहिलेल्यांना हातात द्या. मग कुणाला विचारायची वेळ येत नाही.

जुना_हेडक्लार्क (परभणी)

डब्याबद्दल पटेलभाईंनी सांगितलं ते आजच करून टाका.

आता शेवटची ओळ: 'धर्म अनेक असले तरी देव एकच आहे, हीच दिवाळीची शिकवण.' लिहिणाऱ्याला वाटतं, यात सगळेच सामावले. पण बौद्ध माणूस देव मानतच नाही, त्याला हे लागू होत नाही. जैनांत सृष्टी घडवणारा ईश्वर नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती एकच देव मानतात, पण तो लक्ष्मीच्या रूपातही आहे असं म्हटलं की त्यांची अडचण होते. ज्यांना जवळ घ्यायला ही ओळ लिहिली, नेमके तेच तिच्याबाहेर उभे राहतात. हिंदूंना ती पटते, आणि त्यांच्यासाठी तिची गरजच नव्हती.

चित्राबद्दलही सांगतो. बरीच कार्यालयं ॐ, चंद्रकोर आणि क्रूस एका ओळीत असलेलं चित्र घेतात. त्यात नांदेडला खंडा नसतो, परभणीला धम्मचक्र नसतं. घालत गेलात तर शेवटी कुणीतरी राहतंच. शिवाय दिवाळीच्या पत्रावर चंद्रकोर कशासाठी, हे कुणालाच सांगता येत नाही. नुसती पणती घ्या, किंवा साधी रांगोळी.

निळी_पहाट (परभणी)

पणती बऱ्याच जणांना चालेल. माझ्या शेजाऱ्यांना तीही नको असेल, पण ते तेवढ्यासाठी नाराज होणार नाहीत.

पैनगंगाकाठ (नांदेड)

सगळ्यांचं ऐकून एकच मजकूर केला आहे. ग्रुपवर हाच आणि डब्यावरही हाच.

> सर्व सहकाऱ्यांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.
> पावसानं रस्ते बंद असताना तुम्ही शेतकऱ्यांपर्यंत माल पोचवलात, त्याबद्दल मनापासून आभार.
> तुमच्या घरी सगळ्यांची तब्येत चांगली राहो, लेकरांची शिक्षणं नीट होवोत आणि सुट्टीत घरच्यांना तुमचा निवांत वेळ मिळो.
> आमच्या घरी लक्ष्मीपूजन झालं की पाडव्याला दुपारी चारपासून फराळ आहे. सगळ्यांनी कुटुंबासह यावं.

'समृद्धी' आणि 'भरभराट' हे शब्द मी मुद्दाम घातले नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात अतिवृष्टीनं सोयाबीन वाहून गेलं, जमिनी खरवडून निघाल्या. आमच्या निम्म्या लोकांची घरं शेतीवर आहेत आणि ती अजून सावरलेली नाहीत. भरभराटीपेक्षा तब्येत मागितलेली बरी वाटते.

साहेबांनी वाचला. लक्ष्मीपूजनाची ओळ बघून म्हणाले, हे बरं केलंस, मला वाटलं होतं ते काढायला लावशील.

तुळजाई (धाराशिव)

हा मजकूर मला चालेल. लक्ष्मी आहे, आमंत्रणही आहे. माझ्या मूळ प्रश्नावर मात्र मी अजून तिथंच आहे. देवाकडं दुसऱ्यासाठी मागणं हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा आशीर्वाद आहे, तो छापता येत नाही याचं मला वाईट वाटतं.

जुना_हेडक्लार्क (परभणी)

तुळजाईताई, तो आशीर्वाद तुम्ही पूजेच्या वेळी मनात मागा, तिथं कुणाची हरकत नाही.

हलगी (बीड)

मोहरम आणि ६ डिसेंबरचं लक्षात ठेवलं, धन्यवाद. पण अजून एक सुचतंय. आपल्याकडं म्हणतात ना, 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो'. यात देव नाही, शेतकऱ्याचा राजा आहे. शेवटी ही ओळ टाकली तर? आपल्या मातीतली आहे आणि तुमचा धंदाही शेतीचाच.

निळी_पहाट (परभणी)

मला ही ओळ आवडेल. जोतीराव फुल्यांनी बळीराजाला रयतेचा न्यायी राजा म्हणून पुढं आणलं, आमच्या घरात ती त्याच अर्थानं म्हणतात.

सैतवाल_काका (धाराशिव)

पण बळी म्हटलं की वामनाची कथाही आली. कुणी ती एका बाजूनं वाचतं, कुणी दुसऱ्या. प्रतिपदेला पूजा करणारे बळीला वेगळं मानतात आणि फुल्यांच्या विचाराचे वेगळं. साहेबांच्या तोंडी घालण्याआधी विचार करा.

औसेकर_पटेल (लातूर)

आमच्या आजीच्या तोंडी ही ओळ असायची, औशाला शेतात. बैलांना ओवाळताना नाही, पण खळं उरकल्यावर म्हणायची. आमच्या घरात कुणी तिचा संबंध पुराणाशी लावला नाही. तरी लातूरच्या सगळ्या मुस्लिमांना चालेल असं मी म्हणणार नाही.

पैनगंगाकाठ (नांदेड)

बळीची ओळ छापील चिठ्ठीत घेत नाही, मतं इतकी वेगळी असताना नको. पण साहेब मूळचे शेतकरी घरातले आहेत. ग्रुपवर त्यांना स्वतःच्या नावानं लिहायची असेल तर ते लिहितील, मी त्यांना विचारते.

एक तांत्रिक शंका राहिली. सहा जण नुकतेच लागलेत, ते अजून ग्रुपवर नाहीत. त्यांना ब्रॉडकास्टनं पाठवला तर चालेल का?

एक्सेलवाला (जालना)

ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. नवीन लोकांनी साहेबांचा नंबर सेव्ह केला नसेल तर त्यांना काहीच येणार नाही, आणि साहेबांना वाटेल की गेला. त्यांना आधी ग्रुपवर घ्या, नाहीतर एकेकाला वेगळा पाठवा. मजकूर तोच.

धर्माच्या कॉलमचं माझं म्हणणं मी मागे घेतो. कांदा-लसूण चालतो का, एवढा कॉलम मात्र ठेवा, डबे भरताना लागेल. तो ज्यानं-त्यानं स्वतः भरायचा.

सैतवाल_काका (धाराशिव)

हा कॉलम चांगला. नाव 'आहार' ठेवा, त्यात कारण विचारू नका. मधुमेहवाल्यांचीही सोय होईल.

पैनगंगाकाठ (नांदेड)

यादी आज संध्याकाळी फिरवते. चिठ्ठ्या उद्या छापायला देते, डबे धनत्रयोदशीच्या दुपारी, पूजेच्या आधी भरणार. सगळ्यांचे आभार.